हप्त्यातलं व्याज कमावायचं कधी?

दुकानदाराने फ्रिज 1 जानेवारीला हप्त्यांवर विकला. रोखीचा भाव 24,000 रुपये; 2,200 चे 12 मासिक हप्ते, म्हणजे एकूण 26,400. वहीत ग्राहकाच्या नावे 26,400 येणं लागतं, पण विक्री 24,000 चीच. उरलेले 2,400 ‘न कमावलेलं व्याज’ या खात्यात जमा राहतात. ते पैसे उधारीच्या काळाचे, आणि काळ अजून सरलेला नाही.

दर महिना सुमारे दीड टक्का पडतो. पहिल्या हप्त्यात 24,000 वरचे 360 रुपये व्याज, बाकी 1,840 मुद्दल. पुढच्या महिन्यात 22,160 वर 332. शेवटच्या हप्त्यात जेमतेम 32. तेवढीच रक्कम दरमहा त्या खात्यातून उत्पन्नात उतरते.

अनेक जण सरळ महिना 200 धरतात. सोपं आहे, पण चूक. मार्चअखेर तीन हप्ते आल्यावर खरं व्याज 997 होतं, 600 नव्हे. ताळेबंदात येणं 19,800 दिसतं. त्यातून उरलेले 1,403 वजा करून 18,397 दाखवायचे. पडताळा सोपा: शिल्लक मुद्दलही नेमकं तेवढंच असतं.