टाकी चकचकीत, तरी मासे का मरतात?

डोंबिवलीतल्या दातांच्या एका दवाखान्यातून मला बोलावणं आलं, ते घरगुती छंदाचं काम करून पाहू म्हणून मी नुकतीच सुरुवात केली होती तेव्हा. तीन फुटी टाकी, आत बारा गोल्डफिश. काच आरशासारखी स्वच्छ. पण दर महिन्याला टाकी धुतली की आठवड्याभरात दोन-तीन मासे दगावत. "मासेच खराब मिळतात हो," डॉक्टर म्हणाले.

मासे पाण्याच्या वरच्या थरात तोंड उघडझाप करत होते आणि पाणी दुधट दिसत होतं. मी छोट्या नळीत टाकीतलं पाणी घेऊन अमोनिया तपासायचे थेंब घातले. अमोनिया नसेल तर पाणी पिवळं राहतं. इथं ते गर्द हिरवं झालं.

आधीचा माणूस कामात आळशी नव्हता. उलट तो फारच कसून धुवायचा. मासे बादलीत काढून सगळं पाणी ओतून द्यायचा, खडी आणि फिल्टरचा स्पंज नळाखाली घासायचा, ताजं पाणी भरून लगेच मासे सोडायचा. घोटाळा इथंच होता. माशांच्या कल्ल्यांतून आणि उरलेल्या खाद्यातून पाण्यात सतत अमोनिया सुटतो आणि तो विषारी असतो. स्पंजवर आणि खडीवर वाढणारे जिवाणू त्याचं आधी नायट्राइट करतात. तेही घातकच. मग दुसरे जिवाणू त्याचं बरंच सौम्य असं नायट्रेट करतात. ही वसाहत नव्या टाकीत बसायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. नळाच्या पाण्यातलं क्लोरीन आणि घासाघीस यांनी ती दर महिन्याला नष्ट होत होती. म्हणजे मासे दर महिन्याला कोऱ्या टाकीत राहायला जात होते.

उपाय साधा होता, पण रोजचा होता. टाकी तीन फूट लांब, एक फूट रुंद, दीड फूट उंच, म्हणजे साडेचार घनफूट. एका घनफुटात सुमारे 28 लिटर पाणी मावतं. खडी आणि वरची मोकळी जागा वजा केली तर साधारण 110 लिटर. त्याचा पाव भाग म्हणजे दोन मध्यम बादल्या. पहिला आठवडा रोज एवढंच पाणी सायफनने काढलं आणि क्लोरीन मारणारे थेंब घालून तेवढंच परत भरलं. खाद्य एक दिवसाआड आणि चिमूटभर. शिवाय माझ्या घरच्या टाकीतला, बरेच महिने चाललेला एक स्पंज फिल्टर इथं लावला. त्याच्यावरचे जिवाणू इथं आयते आले. तिसऱ्या आठवड्यात थेंब पिवळे राहिले.

मात्र एवढ्या पाण्यात बारा गोल्डफिश फारच झाले. हा मासा खातो भरपूर, घाणही तितकीच करतो. चार ठेवून बाकीचे मोठी टाकी असलेल्या ओळखीच्यांकडे दिले. टाकी रिकामी दिसते म्हणून डॉक्टर आधी नाराज होते.

खाद्याचा प्रश्न वेगळाच निघाला. सकाळी रिसेप्शनच्या ताई घालत, दुपारी मावशी, संध्याकाळी पेशंटची मुलं. तेव्हा वारांची नावं असलेली गोळ्यांची डबी आणली आणि एकेका कप्प्यात एका दिवसाचं खाद्य भरलं. कप्पा रिकामा असला की आज मासे जेवले, हे सगळ्यांना कळतं. रविवारचा कप्पा मी मोकळाच ठेवतो. धडधाकट मोठ्या माशांना एका दिवसाचा उपास सहज सोसतो.

आता दर आठवड्याला एक फेरी असते. दोन बादल्या पाणी बदलतो, खडीत सायफन फिरवून साचलेली घाण ओढतो, काच पुसतो. स्पंज तुंबला असेल तरच पिळतो, तोही टाकीतूनच काढलेल्या पाण्यात. पाणी तपकिरी होतं. "नळाखाली का धरत नाही?" ताईंनी विचारलं होतं. आता नव्या मुलीला त्याच समजावतात. जाळी मी त्या दवाखान्यातच ठेवतो, कारण एकीकडची ओली जाळी दुसरीकडे नेली की पांढऱ्या ठिपक्यांचा रोगही सोबत जातो.

या धंद्यासाठी मी दुकान थाटलं नाही, मासेही साठवले नाहीत. सायफन, दोन बादल्या, थेंबांचा संच, काच पुसायचा चुंबक एवढ्यावर भागलं. नवी टाकी लावून एकदाच पैसे मिळतात, देखभालीचे दर महिन्याला, म्हणून मी आधी लोकांच्या बिघडलेल्या टाक्या घेतल्या. फेऱ्याही चालत किंवा स्कूटरवर जाता येईल एवढ्याच अंतरात ठेवल्या.

नवी टाकी लावणाऱ्याला मासे त्याच दिवशी हवे असतात. म्हणून घरच्या टाकीत मी तीन जादा स्पंज कायम चालू ठेवतो. त्यातला एक नव्या टाकीत गेला की पहिल्या दिवशी दोन-तीन छोटे मासे सोडता येतात, बाकीचे थेंब पिवळे राहिले तर हळूहळू. ज्या दिवशी तिन्ही स्पंज बाहेर गेलेले असतात, त्या दिवशी आलेल्या गिऱ्हाइकाला मी महिनाभर थांबा असं सांगतो.