गिरणीतला पगार शेतात ठरतो

ऑगस्ट १९५२ मध्ये बँकॉकच्या रस्त्यावरून चालताना आर्थर लुईस या अर्थतज्ज्ञाला एका जुन्या कोड्याचं उत्तर अचानक सुचलं. कोडं इंग्लंडचं होतं. औद्योगिक क्रांतीच्या पहिल्या पन्नासेक वर्षांत तिथे नफा वाढला, बचत वाढली, पण कामगाराची खरी मजुरी जवळपास जागची हलली नाही. कारखाने वाढले की कामगारांची मागणी वाढते आणि मजुरी चढते, असं पुस्तकं सांगत. लुईस मूळचे कॅरिबियनमधल्या सेंट लुशिया बेटाचे, त्यामुळे गरीब शेतीप्रधान समाज त्यांच्या जवळून ओळखीचा. त्यांनी विचारलं, कामगार कमी पडतच नसतील तर? शेतीत गरजेपेक्षा जास्त माणसं अडकून पडली असतील, तर कारखानदाराला मजुरी वाढवायचं कारणच उरत नाही. या विचारावरचा त्यांचा लेख १९५४ साली आला आणि १९७९ साली त्यांना नोबेल मिळालं.

मराठी वाचकाला हे समजून घ्यायला इंग्लंडला जायची गरज नाही. १८५० च्या दशकात मुंबईत पहिली कापड गिरणी उभी राहिली आणि पुढची कित्येक दशकं तिच्या मागोमाग आलेल्या गिरण्यांना माणसं पुरवली ती मुख्यतः रत्नागिरी आणि घाटावरच्या जिल्ह्यांनी. कोकणातली भातशेती तुकड्यातुकड्यांची, बरीच जमीन खोतांकडे, आणि कुळांपैकी अनेकजण ती अर्धेलीने कसत, म्हणजे निम्मं पीक खोताच्या घरी जाई.

एक काल्पनिक घर घेऊ. चार भाऊ, पीक ऐंशी मण भात. चाळीस मण खोताचे, उरलेल्या चाळीसात प्रत्येकाच्या वाट्याला दहा मण. चौथा भाऊ मुंबईला गेला तरी तिघं मिळून तेवढंच भात काढतात, कारण जमीन तेवढीच आहे. हीच ती जास्तीची माणसं. आता गिरणीने त्याला किती द्यावं? दहा मणांच्या बरोबरीचं दिलं तर तो घर सोडणार नाही. शहरातलं भाडं, खाणावळ, घरापासूनचं तुटलेपण, यासाठी थोडं जास्त हवं. लुईस यांच्या अंदाजाने हा फरक साधारण तीस टक्के किंवा त्याहून अधिक असतो. म्हणजे तेरा मणांची मजुरी पुरते. तो गिरणीत तीस मणांच्या किमतीचं काम करत असेल, तर सतरा मण मालकाचे.

पुढचा टप्पा खरा महत्त्वाचा. शंभर कामगारांमागे मालकाकडे सतराशे मण जमतात. एका नव्या कामगारासाठी लागणारी यंत्रं पंच्याऐंशी मणांना पडत असतील, तर त्या नफ्यातून आणखी वीस जण कामावर घेता येतात. गिरणीच्या दारात माणसं उभी असल्यामुळे त्यांनाही तेराच मण. उद्योग वाढतो, एकूण पगाराचा आकडा वाढतो, पण एकेका माणसाचा पगार तिथेच राहतो. लुईस यांना हा अन्याय वाटण्यापेक्षा यंत्रणा वाटत होती: देशाची बचत चार-पाच टक्क्यांवरून बारा-पंधरा टक्क्यांवर जाते ती याच नफ्यातून.

एक भाऊ गेला की उरलेल्या तिघांचा वाटा तेरा मणांच्या वर जातो, मग दुसऱ्याला ओढायला गिरणीने जास्त द्यायला नको का? द्यायला हवं, आणि शेतातली जास्तीची माणसं संपत आली की तसं होतंही. पण लोकसंख्या वाढत असेल तर रिकामी जागा लगेच भरते.

आता त्या घरातून खोत वजा करा. ऐंशी मण चौघांत वाटले की प्रत्येकी वीस. मग गिरणीला सव्वीस मण द्यावे लागतील आणि मालकाच्या हाती सतराऐवजी चार उरतील. म्हणजे परळच्या कामगाराचा पगार एका अर्थी खोताच्या अंगणात ठरत होता. लुईस यांनी हे लपवलेलं नाही. छोट्या शेतकऱ्याचं उत्पन्न कमी राहण्यात भांडवलदाराचा थेट फायदा असतो, असं त्यांनी लिहिलं आणि आफ्रिकेत वसाहतवाद्यांनी लोकांच्या जमिनी काढून घेतल्याचं उदाहरण दिलं. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३७ मध्ये मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करण्याचं विधेयक मांडलं, ते या दृष्टीने पाहिलं तर गिरणी कामगाराच्याही हिताचं होतं. खोती संपवणारा कायदा मात्र १९४९ चा.

गिरणीने हा साठा हाताशी ठेवण्याची सोयही केली होती. सकाळी दारावर बदली कामगार उभे असत. कोणाला आत घ्यायचं ते जॉबर ठरवी, आणि त्याबद्दल दस्तुरी घेई. बहुतेकांची बायकापोरं गावीच असत. आजारपण, म्हातारपण, बेकारी यांचा भार गावातल्या शेतावर आणि तिथे राबणाऱ्या बाईवर पडे. गिरणीला पूर्ण कुटुंबाचा खर्च कधी द्यावाच लागला नाही. मला तर या सिद्धांतातली सर्वांत मोठी न नोंदलेली रक्कम हीच वाटते.

सिद्धांत दोन ठिकाणी अडखळतो. एक, शेतातला माणूस खरंच जास्तीचा असतो का? लुईस यांच्यासोबत नोबेल वाटून घेतलेले थिओडोर शुल्ट्झ यांचं उत्तर ‘नाही’ असं होतं. त्यांनी १९१८ च्या फ्लूच्या साथीचा दाखला दिला: भारतात शेतात काम करणारी लाखो माणसं मेली आणि पेरणीखालचं क्षेत्रही घटलं. अमर्त्य सेन यांनी त्यांच्या आकडेमोडीवर आक्षेप घेतला. कोकणातला माणूस कदाचित सोपं उत्तर देईल: लावणी-कापणीला एकही हात जास्तीचा नसतो, मधल्या महिन्यांत मात्र असतो. म्हणून तर कामगार पावसाच्या तोंडावर रजा काढून गावी पळत.

दोन, मजुरी फक्त मागणी-पुरवठ्यावर ठरत नाही. १९२८ मध्ये दीडेक लाख गिरणी कामगार सहा महिने संपावर होते, तेव्हाही गावांत माणसांची वाण नव्हती. युनियन साठा आटवू शकत नाही, पण दारावरच्या माणसाला आत जाण्यापासून रोखू शकते.

आज गणिताची एक कडी ढिली झाली आहे. नफा पुन्हा गुंतवला तरी नवी यंत्रं थोड्याच माणसांना काम देतात. शेत सोडणारा कारखान्यात कमी आणि बांधकामावर, वॉचमनच्या खुर्चीत किंवा पार्सलच्या बाइकवर जास्त दिसतो. चीनमध्ये २००४ च्या सुमारास दक्षिणेतल्या कारखान्यांना कामगार कमी पडू लागले आणि पगार चढले. तसं वळण भारतात अजून आलेलं नाही. म्हणून पगार वाढवायचा तर तळ उचलण्याला पर्याय नाही. महाराष्ट्राच्या १९७७ च्या रोजगार हमी कायद्याने गावात दुसरा मालक उभा केला, आणि ‘मजूर मिळत नाहीत’ ही बागायतदारांची तक्रार हा तळ उचलला गेल्याचा पुरावा समजायला हरकत नाही.

आणि ही वाट उलटीही वळते. सरकारी श्रमबळ पाहणीनुसार भारतातल्या काम करणाऱ्यांपैकी २०१८-१९ मध्ये ४२.५ टक्के शेतीत होते. टाळेबंदीनंतर, २०२०-२१ मध्ये, ते ४६.५ टक्के झाले.