तीनशे वर्षे कुठून मोजायची? संकेतस्थळ आणि इतिहासाचा पुरावा

इतिहासाचा प्रबंध लिहिताना इंटरनेटवर सापडलेलं पान तळटीपेत द्यावं की नाही, हा आजचा प्रश्न. त्याचं उत्तर आपण आर्वीवरूनच शोधू.

आर्वीच्या स्थापनेविषयी शोध घेतला की ठिकठिकाणी एकाच धाटणीचं वाक्य भेटतं: सुमारे तीनशे वर्षांपूर्वी तेलंगराव वली यांनी हे गाव वसवलं, म्हणून याला आर्वी तेलंगराव असंही म्हणतात. चार पानांवर हेच दिसलं की विद्यार्थी म्हणतो, सर, चार ठिकाणी आहे, म्हणजे खरंच असणार. इथेच थांबावं. न्यायदर्शनात शब्द हे प्रमाण मानलं आहे, पण ते आप्ताचं वचन असेल तर. आप्त म्हणजे ज्याला गोष्ट स्वतः ठाऊक आहे आणि जी ठाऊक आहे तशीच सांगण्याची ज्याची इच्छा आहे, असा माणूस. एकाचं ऐकून चौघांनी तेच म्हटलं, तर साक्षीदार चार होत नाहीत. साक्षीदार एकच राहतो, बाकीचे प्रतिध्वनी.

मग मूळ साक्षीदार शोधायचा कसा? पानातला एखादा विशिष्ट वाक्यांश अवतरणचिन्हांत घालून शोधायचा. मराठी पान बहुधा इंग्रजीवरून उतरलेलं असतं, म्हणून तोच अर्थ इंग्रजीतही शोधायचा. आर्वीच्या बाबतीत माग ब्रिटिश अमदानीतल्या गॅझेटियरांपर्यंत जातो. ‘इम्पीरियल गॅझेटियर ऑफ इंडिया’च्या विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात निघालेल्या आवृत्तीत आर्वीची नोंद आहे. तिथे ‘असं सांगतात’ अशा शब्दांत ही कथा येते.

आता मूळ आणि नक्कल शेजारी ठेवू. पहिला फरक काळाचा. ‘तीनशे वर्षांपूर्वी’ हे लिहिणाऱ्याच्या काळापासून मोजायचं असतं. 1908 पासून मागे गेलो, तर साधारण 1608 येतं. तेव्हा वऱ्हाड मोगलांकडे येऊन जेमतेम बारा वर्षं झाली होती. तेच वाक्य आजच्या पानावरून उचललं, तर आपण 1725 च्या आसपास पोचतो, म्हणजे साखरखेर्ड्याच्या 1724 च्या लढाईनंतर निजामाची सत्ता उभी राहत होती त्या काळात. वाक्य तेच, पण गाव शंभरहून अधिक वर्षांनी पुढे सरकलं. ज्या पानावर ‘इतक्या वर्षांपूर्वी’ आहे पण लेखनाचं साल नाही, ते पान कालनिर्णयासाठी निरुपयोगी समजावं.

दुसरा फरक गाळलेल्या मजकुराचा. तेलंगराव ब्राह्मण होते असं काही मानतात, मुसलमान होते असं काही मानतात, आणि त्यांच्या समाधीस्थानी दोन्ही समाज भक्तीने जातात, हे गॅझेटियरमध्ये नोंदवलेलं आहे. एखाद्या पानाने यातली एकच बाजू ठेवली आणि दुसरी न सांगता काढून टाकली, तर ते पान कुणाच्या सोयीने लिहिलंय हे आपल्याला कळलं. ‘असं सांगतात’ गाळून ठाम विधान करणं हीसुद्धा तशीच काटछाट. म्हणून पान किती देखणं आहे किंवा ते कोणत्या संस्थेचं आहे, यापेक्षा त्याने मूळ मजकुराचं काय केलं हे आधी बघावं. सरकारी संकेतस्थळावरही कुणाचं नाव, साल, संदर्भ नसलेला परिच्छेद असू शकतो. उलट साधंसुधं पान एखाद्या सनदेचं स्वच्छ छायाचित्र, ती कुठे ठेवली आहे त्या माहितीसकट, देत असेल, तर ते कामाचं.

मग तळटीपेत काय द्यायचं? गॅझेटियरची पानांची छायाचित्रं archive.org वर मिळतात. शीर्षकपृष्ठ उघडा, साल बघा, खंड आणि पृष्ठ टिपून घ्या. यंत्राने काढलेल्या मजकुरावर विसंबू नका, त्यात आकडे आणि विशेषनामं बिघडतात. पानाच्या चित्राशी ताडून पाहा. संकेतस्थळाचाच मजकूर द्यावा लागला, तर पाहिल्याची तारीख लिहा आणि web.archive.org वर प्रत जतन करा, कारण पान उद्या बदलू शकतं.

मूळ ग्रंथ हाती आला म्हणजे काम संपलं का? नाही. गॅझेटियर लिहिणारा अधिकारी तीनशे वर्षांपूर्वी इथे नव्हता. त्याच्या काळी आर्वीत ही कथा सांगितली जात होती, एवढ्याचाच तो साक्षीदार. तेवढंच आपल्या प्रबंधात लिहावं: ‘विसाव्या शतकाच्या आरंभी अशी परंपरा नोंदली गेली.’ गाव खरोखर 1608 च्या सुमारास वसलं का, यासाठी वेगळे, त्या काळातले कागद लागतील. ते मिळेपर्यंत वाक्यातलं ‘असं सांगतात’ जागेवरून हलवायचं नाही.