चंद्रकळा, हलव्याचे दागिने आणि फोटोतला नॉइज

संक्रांतीच्या दिवसांत फोटो काढणाऱ्यांपुढे एक अवघड काम हमखास येते. काळी चंद्रकळा आणि तिच्यावर हलव्याचे पांढरेशुभ्र दागिने. एकाच चौकटीत एक वस्तू आलेला बहुतेक प्रकाश परत पाठवते आणि दुसरी बहुतेक सगळा गिळून टाकते. हलवा पांढराफटक पडेल या भीतीने अनेक जण फोटो मुद्दाम अंधारा काढतात आणि नंतर कॉम्प्युटरवर उजळतात. उजळलेल्या फोटोत हलवा छान दिसतो, पण निऱ्यांच्या खोल घड्यांमध्ये रंगीबेरंगी दाणे उमटतात, कधी बारीक आडव्या रेषाही दिसतात. काळ्या कापडाचा पोत त्यांत हरवून जातो.

फोटोग्राफर या दाण्यांना सरसकट नॉइज म्हणतात. प्रत्यक्षात त्यात दोन वेगळे नॉइज मिसळलेले असतात. एक प्रकाशाबरोबर येतो, दुसरा कॅमेरा स्वतः घालतो. दोघांचा हिशेब वेगळा आहे आणि तो एकदा कळला की अंधारा फोटो नंतर उजळणे महाग का पडते तेही कळते.

आधी प्रकाशाचा नॉइज पाहू. सेन्सरवरचा प्रत्येक पिक्सेल म्हणजे सिलिकॉनचा एक चिमुकला खण. त्यावर प्रकाशाचे कण, म्हणजे फोटॉन, पडतात. एक फोटॉन टिपला गेला की एक इलेक्ट्रॉन सुटा होतो आणि त्या खणात साठतो. शटर बंद झाल्यावर कॅमेरा हे इलेक्ट्रॉन मोजतो. मात्र फोटॉन ठरावीक अंतराने, रांगेत येत नाहीत. वळवाच्या पावसाचे पहिले थेंब शहाबादी फरशीवर पडतात तेव्हा एका फरशीवर सहा थेंब दिसतात, शेजारच्या फरशीवर बारा. पाऊस दोन्हींवर सारखाच असतो, पण थेंब मोजून पडत नाहीत. सर चांगली कोसळून गेली की सगळ्या फरश्या सारख्याच ओल्या दिसतात.

या कमी-जास्तीला शॉट नॉइज म्हणतात. जर्मन भौतिकशास्त्रज्ञ वॉल्टर शॉटकी यांनी १९१८ मध्ये निर्वात नळ्यांमधल्या विद्युतप्रवाहात अशीच चढउतार असते हे दाखवून दिले होते. तिचा नियम सोपा आहे. सरासरी जितके कण येतात, त्या संख्येच्या वर्गमुळाइतका फरक पडतो. पिक्सेलमध्ये सरासरी १०० इलेक्ट्रॉन साठत असतील तर फरक सुमारे १० चा, १०,००० साठत असतील तर १०० चा. दुसऱ्या वेळी नॉइज दहापट झाला, पण संकेत शंभरपट झाला. म्हणून चित्र दहापट स्वच्छ दिसते. आपल्या डोळ्यांना नॉइज एकटा दिसत नाही, त्याचे संकेताशी असलेले प्रमाण दिसते. प्रकाश वाढवला की शॉट नॉइज वाढतो आणि तरीही फोटो स्वच्छ होतो, तो यामुळेच. हा नॉइज प्रकाशाच्या स्वभावातच आहे, त्यामुळे कितीही महाग सेन्सर तो टाळू शकत नाही.

दुसरा आहे रीड नॉइज. साठलेले इलेक्ट्रॉन वाचताना त्यांचे विद्युतदाबात रूपांतर होते, तो दाब वाढवला जातो आणि मग त्याचा आकडा बनतो. या वाटेवरच्या प्रत्येक ट्रान्झिस्टरमध्ये थोडी थरथर असते, आणि ती शेवटच्या आकड्यात उतरते. फोटो उन्हातला असो की अंधारातला, दर वाचनाला हा नॉइज जवळपास तेवढाच पडतो. आजच्या चांगल्या सेन्सरमध्ये तो बहुधा एक ते पाच इलेक्ट्रॉन इतका असतो. पिक्सेलमध्ये हजारो इलेक्ट्रॉन असतील तर तो कुठे गेला हे कळतही नाही. पिक्सेलमध्ये दहाच असतील तर मात्र तो चित्र पोखरतो.

आता चंद्रकळेचा हिशेब मांडू. समजा पिक्सेलमध्ये जास्तीत जास्त ४०,००० इलेक्ट्रॉन मावतात आणि रीड नॉइज ४ इलेक्ट्रॉन आहे. कॅमेरा ट्रायपॉडवर, आयएसओ १००, शटर १/१५ सेकंद. या एक्सपोजरला हलव्याच्या पिक्सेलमध्ये ३६,००० इलेक्ट्रॉन साठतात, सपाट काळ्या कापडात ९०० आणि निऱ्यांच्या खोल घडीत फक्त ३६. हलव्याचा शॉट नॉइज १९०, म्हणजे संकेत नॉइजच्या १९० पट. कापडाचा ३०, म्हणजे ३० पट. दोन्ही ठिकाणी रीड नॉइजचे ४ इलेक्ट्रॉन नगण्य आहेत. घडीत शॉट नॉइज ६ आणि रीड नॉइज ४. एकमेकांशी संबंध नसलेले नॉइज सरळ बेरजेने मिळवत नाहीत, त्यांच्या वर्गांची बेरीज करून वर्गमूळ काढतात. ते येते सुमारे ७.२. म्हणजे घडीतला संकेत नॉइजच्या पाचपट आहे. पोत दिसतो, थोडे दाणेही दिसतात.

आता हलव्याच्या भीतीने शटर १/६० केले, म्हणजे दोन स्टॉप कमी. सगळीकडे प्रकाश एक चतुर्थांश झाला. हलव्यात ९,००० इलेक्ट्रॉन, नॉइज ९५, प्रमाण ९५. म्हणजे आधीच्या अर्धे, पण ९५ पट संकेत असलेला पांढरा रंग स्वच्छच दिसतो. कापडात २२५ इलेक्ट्रॉन, प्रमाण तीसवरून साडेचौदावर आले. घडीत उरले ९ इलेक्ट्रॉन. त्यांचा शॉट नॉइज ३, रीड नॉइज तोच ४, दोन्ही मिळून ५. संकेत ९ आणि नॉइज ५, म्हणजे प्रमाण पावणेदोनच्या आसपास. पाचवरून इथे आले. बाकी ठिकाणी निम्मे नुकसान झाले, घडीत मात्र जवळपास दोन तृतीयांश.

हा जास्तीचा तोटा कुठून आला? रीड नॉइज शून्य असता तर घडीतले प्रमाण सहावरून तीनवर आले असते, म्हणजे तिथेही निम्मेच. प्रकाश घटला तेव्हा शॉट नॉइजही त्याच्याबरोबर घटला, पण रीड नॉइज जिथल्या तिथे राहिला. आता कॉम्प्युटरवर फोटो दोन स्टॉप उजळला की ९ चे ३६ होतात आणि ५ चे २०. उजळपणा हवा तेवढा मिळतो, प्रमाण मात्र पावणेदोनच राहते.

म्हणून ट्रायपॉड असेल आणि समोरचे हलत नसेल तर एक्सपोजर वाढवत न्यावे, हलवा भरून वाहण्याच्या थोडे अलीकडे थांबावे आणि फोटो फार उजळ वाटला तर नंतर खाली आणावा. खाली आणताना संकेत आणि नॉइज दोन्ही सारखेच लहान होतात, त्यामुळे मिळालेले प्रमाण टिकते. हिस्टोग्रामचा आलेख उजवीकडे सरकवण्याची ही रीत मायकल राइशमन यांच्या २००३ मधल्या लेखामुळे जगभर पसरली. त्यांनी दिलेले कारण होते की सर्वांत उजळ स्टॉपमध्ये रॉ फाइलच्या निम्म्या पायऱ्या असतात. रीत बरोबर होती, पण खरे कारण पायऱ्या नाहीत. आपल्या उदाहरणात १४ बिटच्या फाइलची एक पायरी सुमारे अडीच इलेक्ट्रॉनची होते आणि हलव्यातला नॉइजच १९० इलेक्ट्रॉनचा आहे. एवढ्या थरथरीत त्या बारीक पायऱ्यांचा काही उपयोग होत नाही. फायदा होतो तो जास्त प्रकाश गोळा केल्याचा.

मर्यादाही आहे, आणि ती कडक आहे. पिक्सेल भरला की पुढचे इलेक्ट्रॉन मोजले जात नाहीत. हलव्याच्या दाण्यावरचा काटा हीच इथली खूण आहे. फोटो शंभर टक्क्यांवर मोठा करून पाहावा. काटा दिसत असेल तर माहिती शाबूत आहे. काटा जाऊन दाण्याचा गुळगुळीत पांढरा ठिपका झाला असेल तर तो कोणत्याही सॉफ्टवेअरने परत येत नाही. कॅमेऱ्याच्या पडद्यावरचा हिस्टोग्राम आणि लुकलुकणारे इशारे बहुतेक वेळा जेपीईजी चित्रावरून काढलेले असतात, त्यामुळे ते रॉ फाइलच्या आधीच घाबरवतात. आपल्या कॅमेऱ्यात इशारा आल्यावरही किती वाव उरतो हे एकदा तपासून ठेवावे: तिहाई-तिहाई स्टॉपने वाढवत फोटो घ्यावेत आणि रॉ फाइलमध्ये काटा कधी जातो ते पाहावे. जरीवरची एखादी चमक पांढरी झाली तर चालते, तिथे पाहण्यासारखे काही नसते. मात्र लाल किंवा केशरी काठात एकटा लाल रंग आधी भरू शकतो, म्हणून हिस्टोग्राम तिन्ही रंगांचा वेगवेगळा पाहावा.

बोरन्हाणाला मात्र हा मार्ग बंद असतो. काळे झबले आणि हलव्याचे दागिने घातलेले मूल क्षणभर स्थिर बसत नाही. शटर १/२५० च्या खाली नेता येत नाही, ॲपर्चर पूर्ण उघडलेले आहे. मग हात आयएसओकडे जातो. आयएसओ वाढवल्याने सेन्सरवर एकही जास्तीचा फोटॉन पडत नाही, म्हणून शॉट नॉइज जसाच्या तसा राहतो. संकेत आकड्यात बदलण्याआधी वाढवला जातो, एवढेच. त्यामुळे वाढवण्याच्या पुढच्या टप्प्यांत मिसळणाऱ्या रीड नॉइजचे वजन कमी होते. काही कॅमेऱ्यांत त्याने घडीतल्या रेषा स्पष्ट कमी होतात, अनेक नव्या सेन्सरमध्ये फरक जेमतेम जाणवतो. किंमत मात्र ठरलेली असते. आयएसओ १०० ऐवजी ८०० ठेवला तर साधारण एक अष्टमांश प्रकाशातच आकडा कमाल मर्यादेला पोहोचतो आणि हलव्याचा काटा लवकर जातो. अशा वेळी बाळाची चौरंगावरची जागा खिडकीजवळ घेणे जास्त कामाचे. खिडकीपाशी प्रकाश चौपट मिळाला तर घडीत ९ ऐवजी ३६ इलेक्ट्रॉन पडतात, आणि हा लाभ आयएसओच्या कोणत्याही आकड्याने मिळत नाही.

आपल्या कॅमेऱ्यात कोणता नॉइज किती आहे हे घरीच पाहता येते. लेन्सचे झाकण लावून, सर्वांत जलद शटरवर एक रॉ फोटो घ्यावा आणि सॉफ्टवेअरमध्ये पाच स्टॉप उजळावा. प्रकाश आलाच नाही, तेव्हा जे दिसते तो जवळपास पूर्णपणे रीड नॉइज आहे. नंतर आउट ऑफ फोकस करून पांढऱ्या भिंतीचा, मध्यम उजेडाचा फोटो घ्यावा. त्यातले दाणे मुख्यतः शॉट नॉइजचे. पहिल्या फोटोत रेषा किंवा पट्टे दिसले तर त्या कॅमेऱ्यात अंधारे फोटो नंतर उजळणे टाळावे. पहिला स्वच्छ निघाला तर थोडा कमी एक्सपोजर चालून जातो, कारण उरलेला तोटा फक्त कमी मिळालेल्या प्रकाशाचा असतो. तो तोटा मात्र प्रत्येक कॅमेऱ्यात होतो, आणि तो शटर दाबण्याआधीच टाळावा लागतो.