लपलेल्या ओळींची बेरीज

आपल्यातल्या बऱ्याच गटांचा हिशेब आता वहीबरोबर मोबाइलवरच्या किंवा संगणकावरच्या स्प्रेडशीटमध्येही असतो. तिथे एक घोटाळा हमखास होतो. यादी गाळून थोड्याच ओळी समोर ठेवल्या, तरी खालची बेरीज बदलत नाही. मग आकडे कोणाचे चुकले यावरून बैठकीत कुरबुर सुरू होते. खरे तर चूक कोणाचीच नसते.

एक उदाहरण घेऊ. अंबरनाथ पूर्वेला शिवमंदिराजवळ महाशिवरात्रीची जत्रा भरते. समजा, एका गटाने तिथे पापड, लोणचे आणि चटणी विकली. काही माल रोखीने गेला, काही ओळखीच्यांना उधार दिला. पहिल्या ओळीत रकान्यांची नावे आहेत. दुसरीपासून नवव्या ओळीपर्यंत आठ नोंदी आहेत. रक्कम D रकान्यात आहे: 600, 450, 300, 800, 750, 500, 350 आणि 400. शेजारच्या रकान्यात रोख की उधार ते लिहिले आहे. 450, 800 आणि 350 हे तीन उधार आहेत. बेरजेसाठी ताईंनी हे सूत्र लिहिले:

```
=SUM(D2:D9)
```

उत्तर आले 4150, आणि ते बरोबर आहे. मग वसुली किती करायची ते पाहायला ताईंनी फिल्टर लावून फक्त ‘उधार’ निवडले. समोर तीनच ओळी राहिल्या, पण बेरीज 4150च. कोणी घाईत हाच आकडा उधारी म्हणून वाचून दाखवला, तर खरी उधारी 1600 असताना 2550 रुपये जास्तीचे मागायला गट निघेल!

असे का होते? वहीच्या काही ओळींवर कागदाची पट्टी ठेवली, तर त्या ओळी दिसत नाहीत, पण पुसल्याही जात नाहीत. फिल्टर तेवढेच करतो. SUM ला मात्र D2 पासून D9 पर्यंत सगळे मिळव, असे सांगितलेले असते. ओळ दिसते की नाही, हे ते पाहतच नाही. ओळी झाकल्या आहेत हे ओळखायचे असेल, तर डावीकडचे ओळींचे क्रमांक पाहा. इथे 3, 5, 8 असे दिसतील, मधले गायब.

फक्त गाळून उरलेल्या ओळींची बेरीज हवी असेल, तर हे लिहा:

```
=SUBTOTAL(9,D2:D9)
```

यातला 9 म्हणजे ‘बेरीज कर’ अशी खूण. आता ‘उधार’ निवडले की 1600 येईल, ‘रोख’ निवडले की 2550, आणि फिल्टर काढला की पुन्हा 4150. पडताळाही सोपा आहे: 1600 आणि 2550 मिळून 4150 झाले पाहिजेत.

एक बारकावा लक्षात ठेवा. कधी आपण फिल्टर न लावता एखादी ओळ हातानेच लपवतो. अशी लपवलेली ओळ 9 मोजतो. तीही सोडायची असेल, तर 9 ऐवजी 109 लिहा. आपल्या यादीत फिल्टर नसताना 800 ची पाचवी ओळ हाताने लपवली, तर 9 चे उत्तर 4150 राहील आणि 109 चे 3350 होईल. फिल्टरने गेलेल्या ओळी मात्र दोन्ही सोडतात.

मग SUM टाकून द्यायचे का? मुळीच नाही. पासबुकाशी ताळा करताना किंवा नफा वाटताना पूर्ण रक्कमच लागते. तिथे SUBTOTAL ठेवले आणि आधीच्या ताईंचा फिल्टर तसाच राहिला, तर बेरीज गुपचूप कमी दिसेल आणि पैसे कुठे गेले असा संशय येईल. म्हणून दोन्ही ठेवा. एकाला ‘एकूण विक्री’ आणि दुसऱ्याला ‘दिसणाऱ्या ओळींची बेरीज’ असे नाव द्या.

ही दोन्ही सूत्रे यादीच्या बाजूला, नावांच्या पहिल्याच ओळीत, मध्ये एक रकाना मोकळा सोडून लिहा. पहिली ओळ फिल्टरने झाकली जात नाही, त्यामुळे बेरीज कायम डोळ्यांसमोर राहते.

पुढच्या बैठकीत यादी उघडाल तेव्हा हे दोन आकडे शेजारी शेजारी पाहा. ते वेगळे दिसले, तर काही ओळी झाकलेल्या आहेत असे समजा, आणि आधी फिल्टर काढून मगच पैशांचे बोला.