दरवाढीची सूचना

घरगुती डबे देणाऱ्या बाईंनी दर वाढवताना ‘नाइलाजास्तव’, ‘क्षमस्व’ हे शब्द टाळावेत. ते वाचून गिऱ्हाईक घासाघीस सुरू करतं. जुना दर, नवा दर, तारीख आणि खरं कारण एवढं पुरे:

‘१ जूनपासून महिन्याचा डबा २,४०० ऐवजी २,७०० रुपयांना मिळेल. तेल आणि गॅस महागले आहेत. पोळ्या चारच राहतील, भाजीही तेवढीच. जूनचे पैसे आधीच भरलेल्यांना नवा दर जुलैपासून लागू होईल.’

यातला पोळ्यांचा उल्लेख मला सर्वांत मोलाचा वाटतो. काही जण दर तोच ठेवून वाटी लहान करतात, आणि जेवणाऱ्याला ते पहिल्याच दिवशी कळतं. सूचना महिनाभर आधी द्यावी. ज्याला परवडणार नाही, त्याला दुसरी सोय बघता येते.