आजी म्हणाली ‘ख्वाडा’, टीव्हीला ऐकू आलं ‘थोडा’

रविवारची दुपार. शिरूरच्या घरी जेवणं उरकली होती, भांडी पालथी पडली होती आणि आजी टीव्हीसमोर पाय पसरून बसली होती. म्हणाली, ‘‘अगं, त्यो मेंढरांचा पिच्चर लाव की. ख्वाडा.’’

भाऊराव कऱ्हाडे यांचा हा 2015 मध्ये आलेला सिनेमा. पावसाळा सरला की आपल्या शिरूर-दौंडच्या रस्त्यांवर मेंढरांचे कळप आणि घोड्यांवर लादलेला संसार दिसतो ना, तसं जगणाऱ्या मेंढपाळ कुटुंबाची ही गोष्ट. तिला राष्ट्रीय पुरस्कारही मिळाला. आजीचं बालपण अशाच वाड्यांच्या शेजारी गेलेलं, त्यामुळे तिला तो बघायचाच होता.

घरात चार अ‍ॅप. प्रत्येकात शिरून बाणाच्या बटणानं एकेक अक्षर टाईप करायचं म्हणजे वैताग. म्हणून मी ऐटीत रिमोटवरचं माइकचं बटण दाबलं आणि म्हणाले, ‘‘ख्वाडा.’’

स्क्रीनवर उमटलं: thoda. खाली हिंदी गाण्यांची रांग. पुन्हा म्हणाले, तर khuda. आजी शांतपणे म्हणाली, ‘‘न्हाई वाटतं त्यात. ऱ्हाऊ दे.’’

मला खटकलं ते हेच. सिनेमा नाही, असं टीव्ही म्हणालाच नव्हता. त्याला आमचं ऐकूच आलं नव्हतं. पण बघणाऱ्याला दोन्ही सारखंच वाटतं.

आवाज जातो कुठे?

माइक टीव्हीत नाही, रिमोटमध्ये असतो. बटण दाबून धरलं की आपला आवाज ब्लूटूथनं टीव्हीकडे जातो, तिथून इंटरनेटवरून कंपनीच्या सर्व्हरवर. तिथे आवाजाचा मजकूर होतो आणि मग तो मजकूर सिनेमांच्या यादीत शोधला जातो. म्हणजे काम दोन टप्प्यांत होतं. आधी ऐकणं, मग शोधणं. कुठला टप्पा फसला, हे स्क्रीनवर उमटलेले शब्द वाचले की लगेच कळतं. आपण मात्र ते शब्द न वाचता थेट खालची पोस्टर बघतो.

शब्द चुकीचे असतील, तर घोळ ऐकण्यात आहे. आमचं तेच झालं होतं. सेटिंगमध्ये जी भाषा निवडलेली असते, त्या भाषेतले नेहमीचे शब्द मशीन आधी धरतं. ‘ख्वाडा’ हा त्यातला नेहमीचा शब्द नाही. त्यात मी एकच शब्द बोललेले. मागेपुढे काहीच नसेल, तर ते जवळचा ओळखीचा शब्द उचलणार. म्हणून ‘थोडा’.

मग मी नाव सोडलं आणि माणूस धरला. सिनेमात बापाची भूमिका शशांक शेंडे यांची आहे. मी म्हणाले, ‘‘शशांक शेंडे मराठी मूव्हीज.’’ नाव बरोबर उमटलं, पोस्टरची रांग आली आणि चार-पाच घरं पुढे सरकल्यावर Khwada दिसला. आजी सावरून बसली.

अडलेल्या मराठी नावासाठी हीच युक्ती कामाला येते. नाव अवघड असेल, तर नट किंवा दिग्दर्शक सांगा. नाव सोपं पण फार कॉमन असेल, तरीही तेच करा. चैतन्य ताम्हाणे यांचा ‘कोर्ट’ हवा असेल आणि नुसतं ‘कोर्ट’ म्हणालात, तर जगभरातले खटले समोर येतील. दिग्दर्शकाचं नाव जोडलं की तिढा सुटतो.

दौंडचा लाँड्री

पुढच्या आठवड्यात दौंडला मामाकडे गेले. तिथे साध्या टीव्हीला स्टिक लावलेली. मामा ऐटीत म्हणाला, ‘‘फँड्री.’’ टीव्हीवर आलं laundry. मामी हसून हसून बेजार. मी म्हटलं, ‘‘मामा, ‘नागराज मंजुळे मूव्हीज’ म्हणून बघ.’’ तेवढ्यात काम झालं.

पण मामाची दुसरी तक्रार जास्त गंमतशीर होती. ‘‘बेडरूममधल्या टीव्हीचा माइक मेलाय गं.’’ बघितलं तर जुना रिमोट फुटल्यावर त्यानं बाजारातून स्वस्तातला आणलेला. आवाज कमी-जास्त होत होता, पण माइकचं बटण दाबून काहीच होत नव्हतं. कारण सोपं आहे. असे बरेच रिमोट फक्त इन्फ्रारेडवर चालतात. त्या किरणांनी टीव्हीला बटणाचा इशारा कळतो, पण आवाज जात नाही. बटणावर माइकचं चित्र असलं, तरी आत माइक असेलच असं नाही. टीव्हीच्या सेटिंगमध्ये ब्लूटूथच्या यादीत रिमोटचं नाव दिसतं का, ते बघा. ओरिजिनल रिमोट असून नाव दिसत नसेल, तर तो पुन्हा पेअर करावा लागतो. पूर्वी नीट चालणारा माइक अचानक गप्प झाला, तर आधी रिमोटचे सेलही बदलून बघा. कधीकधी दुखणं तेवढंच असतं.

शब्द बरोबर, तरी सिनेमा नाही

आता दुसरा टप्पा. नाव अचूक उमटलं, पण सिनेमा आला नाही, तर? आपल्याला वाटतं, टीव्ही प्रत्येक अ‍ॅप उघडून आत शोधतो. तसं नसतं. अ‍ॅपवाले आपल्या सिनेमांची यादी टीव्हीच्या सिस्टीमला देतात आणि शोध त्या यादीत होतो. एखाद्या अ‍ॅपनं यादी दिलीच नसेल किंवा ती जुनी असेल, तर सिनेमा अ‍ॅपमध्ये असूनही शोधात दिसणार नाही. अशा वेळी ते अ‍ॅप उघडून आत शोधणं हाच उपाय.

आपण कुठे उभं राहून बोलतो, यानंही फरक पडतो. होम स्क्रीनवरून बोललात तर शोध सगळ्या अ‍ॅपच्या यादीत होतो. पण यूट्यूबसारखं अ‍ॅप उघडं ठेवून बोललात, तर बऱ्याचदा शोध तेवढ्या अ‍ॅपपुरताच राहतो. म्हणून आधी होमचं बटण, मग माइकचं.

आणि सिनेमा सापडला, म्हणजे तो आपल्याला दिसेलच असंही नाही. आमच्या घरी तेच झालं. Khwada वर क्लिक केल्यावर तो कुठे उपलब्ध आहे ते आलं आणि ते अ‍ॅप आमच्याकडे नव्हतं! शोधाला सिनेमा कुठे आहे ते माहीत असतं. आपण कुठल्या अ‍ॅपचे पैसे भरलेत, ते त्याला दर वेळी ठाऊक असतंच असं नाही. त्यामुळे पोस्टर उघडल्यावर अ‍ॅपचं नाव आणि बाजूला भाडं किंवा सबस्क्रिप्शन लिहिलंय का, ते वाचायचं आणि मगच पुढचं बटण दाबायचं.

पप्पांनी थोडी कुरकुर केली आणि एका महिन्याचा प्लॅन घेतला. आजीनं सिनेमा जागचं न हलता बघितला. मध्येच पडद्यावरच्या माणसांना ‘‘आरं, तिकडं नको जाऊ’’ असं बजावतही होती.

संपल्यावर तिनं रिमोट हातात घेतला, माइकचं बटण शोधलं आणि तोंडाजवळ धरून म्हणाली, ‘‘शशांक शेंडेचा दुसरा लाव.’’

शब्द बरोबर उमटले.